बँक व्हेरिफिकेशन फेल, पहिलं पेमेंट अडकलंय. खातं तर चालू आहे!

सावली_वाई

नमस्कार मंडळी. आम्ही वाईजवळ गोधड्या शिवतो. गावातल्या बायका शिवतात, विक्रीचं आणि हिशोबाचं मी बघते. आजवर प्रदर्शनं आणि ओळखीपाळखीवर चाललं होतं. यंदा एका मोठ्या ऑनलाइन मार्केटप्लेसवर दुकान उघडलं. साइटचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जीएसटी नंबर आहे, फर्मच्या नावाने इथल्या नागरी सहकारी बँकेत करंट खातं आहे. ऑर्डरी आल्या, मालही पोचला. सेलर पॅनलवर १४,२६० रुपये जमा दिसतात, पण खाली लाल पट्टी आहे:

`Bank verification failed. Please check your account details.`

खाते क्रमांक पासबुकाशी आकडा आकडा लावून बघितला. आयएफएससी बँकेतून कागदावर लिहून आणला. मॅनेजर म्हणाले, "ताई, खातं एकदम ओके आहे, त्यांच्याकडेच गडबड असणार." मार्केटप्लेसच्या सपोर्टला लिहिलं तर "कृपया तपशील तपासून पुन्हा प्रयत्न करा" एवढंच उत्तर येतं, तेही दोन मिनिटांत. म्हणजे कुणी वाचलेलंच नसतं. बायकांची मजुरी द्यायची आहे. कुणाला असा अनुभव?

इचलकरंजीकर

आयएफएससी बघा ताई, शंभर टक्के तेच असणार. पाचवं अक्षर नेहमी शून्य असतं, लोक इंग्रजी ओ टाकतात. दुसरं म्हणजे बँक कुठल्या दुसऱ्या बँकेत विलीन झाली असेल तर जुना कोड मेला. आमच्या गल्लीत एकाचं खातं विजया बँकेत होतं. ती बडोद्यात गेली २०१९ ला, जुने कोड बंद झाले मार्च २०२१ ला, आणि हा पठ्ठ्या जुन्या चेकबुकावरचाच कोड टाकत बसला होता.

सावली_वाई

शून्यच आहे दादा. बँक विलीन वगैरे झालेली नाही. कोड टाकला की खाली शाखेचं नावही बरोबर येतं.

एडिसनकर

यात घाबरण्यासारखं काही नाही. ते तुमच्या खात्यात दोन छोट्या रकमा टाकतात, प्रत्येकी एका डॉलरपेक्षा कमी. दोन-तीन दिवसांनी स्टेटमेंट उघडून त्या दोन्ही रकमा पॅनलवर भरायच्या, झालं. स्टेटमेंटवर ACCTVERIFY असं लिहिलेलं असतं. माझी बायको इथे न्यू जर्सीत दागिने विकते, तिचंही असंच अडकलं होतं. तिने रकमा भरायच्याच राहिल्या होत्या. तुमच्या पॅनलवर ती चौकट कुठेतरी असेल, नीट शोधा.

सावली_वाई

अशी चौकट कुठेच नाही हो. सगळी पानं उघडून बघितली.

खातेवही

ताई, ती चौकट शोधू नका, ती नाहीच. एडिसनकर सांगतात ती अमेरिकेतली पद्धत आहे आणि तिथे ती बरोबर आहे. रकमा स्टेटमेंटवर बघून तुम्ही परत सांगता, म्हणजे खातं तुमच्या ताब्यात आहे हे सिद्ध होतं. आपल्याकडे उलट चालतं. मार्केटप्लेस तुमच्या खात्यात एक रुपया पाठवून बघतं. आपल्याला काहीच भरायचं नसतं, उत्तर तुमची बँक देते.

एक प्रश्न विचारतो, त्याच्या उत्तरावर पुढचं सगळं ठरेल. तो एक रुपया तुमच्या खात्यात आला का? एसएमएसवर जाऊ नका, एवढ्या लहान रकमेचा एसएमएस पुष्कळ बँका पाठवतच नाहीत. पासबुक भरून आणा किंवा स्टेटमेंट काढा आणि ज्या दिवशी पॅनलवर खातं भरलंत त्या तारखेची ओळ बघा.

मी काही वर्षं एका पेमेंट कंपनीत सेटलमेंटचं काम केलंय, म्हणून विचारतोय.

बेदाणा_तासगाव

माझंही सेम आहे!! मी बेदाणे विकतो. दोन आठवडे झाले, फेल फेल फेल. माझं खातं पतसंस्थेत आहे. आमच्याकडे रुपया पण आला नाही. ताईंच्या बरोबर माझंही सांगा.

खातेवही

तुमचं सेम नाही, तासगावकर. वेगळं आहे आणि जास्त अवघड आहे. आधी ताईंचं बघू, मग तुमच्याकडे येतो.

सावली_वाई

आत्ताच बँकेतून आले. पासबुक भरून घेतलं. रुपया आलाय! एक नाही, जेवढ्या वेळा मी "पुन्हा प्रयत्न करा" दाबलं तेवढ्या वेळा आलाय. ओळ अशी आहे (नंबर खोडलाय):

```
IMPS/5xxxxxxxxxxx/ACCT VALIDATION      1.00 CR
```

मग फेल कसलं? पैसे तर पोचले!

इचलकरंजीकर

घ्या. म्हणजे त्यांच्या सिस्टिमचा घोळ. रुपया पोचला म्हणजे व्हेरिफाय झालंच की. ग्राहक मंचात जा म्हणतो मी.

खातेवही

थांबा, थांबा. इथेच सगळे फसतात.

रुपया पोचला याचा अर्थ एवढाच की खाते क्रमांक बरोबर, आयएफएससी बरोबर, खातं जिवंत आहे आणि त्यात जमा होऊ शकतं. आपल्या देशात बँक पैसे जमा करताना फक्त खाते क्रमांक बघते. पाठवणाऱ्याने नाव काहीही लिहिलेलं असो, क्रमांक जुळला की पैसे जमा. रिझर्व्ह बँकेचा नियमच तसा आहे. म्हणजे उद्या तुम्ही चुकून शेजारणीचा क्रमांक टाकलात तरी रुपया पोचेलच, शेजारणीकडे. आणि मग तुमचे चौदा हजारही तिकडेच जातील.

म्हणून मार्केटप्लेसला रुपया पोचण्यात फारसा रस नसतो. त्याला हवं असतं ते रुपयाबरोबर परत येणारं नाव. आयएमपीएसने पैसे गेले की तुमची बँक उत्तरात खातेदाराचं नाव पाठवते. ते नाव मार्केटप्लेसचं सॉफ्टवेअर तुमच्या पॅनवरच्या किंवा जीएसटीतल्या नावाशी ताडून बघतं. तिथे गुण पडतात. ठरावीक गुणांच्या खाली गेलं की फेल. किती गुणांना पास करायचं हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते आणि बाहेर सांगत नाही.

आडनाव आधी आणि नाव नंतर असलं तर सहसा निभावून जातं. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकीकडे पूर्ण आणि दुसरीकडे नुसतं अद्याक्षर, तरी बहुतेकदा जातं. लग्नाआधीचं आडनाव एका ठिकाणी आणि नंतरचं दुसऱ्या ठिकाणी, मग मात्र अडतं. आणि एका बाजूला माणसाचं नाव, दुसऱ्या बाजूला दुकानाचं, तर गुण जवळजवळ शून्य.

तुम्ही म्हणालात खातं "फर्मच्या नावाने" आहे. माझा संशय तिथे आहे. तुमची फर्म प्रोप्रायटरशिप आहे ना? पॅन तुमच्या स्वतःच्या नावाचा?

सावली_वाई

हो, प्रोप्रायटरशिप. पॅन माझाच. जीएसटीच्या सर्टिफिकेटवर वर माझं नाव आहे आणि खाली ट्रेड नेम म्हणून फर्मचं. खात्याला बँकेने फर्मचं नाव लावलंय, सही माझी चालते.

खातेवही

मग बहुधा हेच. पण अंदाजावर जाऊ नका, डोळ्यांनी बघा. दुसऱ्या कुठल्याही बँकेत खातं असलेला घरातला माणूस पकडा. त्याच्या नेट बँकिंगमध्ये एनईएफटी करायला जा, तुमचा खाते क्रमांक आणि आयएफएससी टाका आणि नाव दाखवण्याचा पर्याय दाबा. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत ही सोय द्यायला बँकांना सांगितलं होतं. पैसे पाठवायची गरज नाही. जे नाव पडद्यावर येईल ते जसंच्या तसं लिहून घ्या, एकही अक्षर न सुधारता. मार्केटप्लेसला जवळपास तेच दिसत असणार.

एडिसनकर

अच्छा, म्हणजे तिकडे बँकच नाव सांगते. इथे तसं होत नाही, म्हणून तर त्या दोन रकमांचा खटाटोप. चुकीची दिशा दाखवली, क्षमस्व.

सावली_वाई

दिरांच्या मोबाइलवर बघितलं. हे आलं:

```
SAVALI GODHADI AND H
```

फर्मचं पूर्ण नाव `SAVALI GODHADI AND HANDICRAFTS`. "एच" वर तोडलंय. आणि माझं नाव कुठेच नाही!

खातेवही

सापडलं. आता मार्केटप्लेसच्या बाजूने बघा. त्यांनी विचारलं, हे खातं अमुक बाईंचं आहे का? तुमच्या बँकेने उत्तर दिलं, सावली गोधडी अँड एच. यंत्राला काय कळणार की त्याच त्या बाई? मॅनेजरही खोटं बोलत नव्हते. खातं ओकेच आहे, पण त्यांना कुणी नावाबद्दल विचारलंच नव्हतं. आणि "पुन्हा प्रयत्न करा" किती वेळा दाबलंत तरी तेच नाव येणार. ते बटण आता दाबू नका. काही ठिकाणी ठरावीक प्रयत्नांनंतर खातं भरायची सोयच काही काळ बंद करतात.

नाव तुटण्याचंही सांगतो. बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये खात्याच्या पूर्ण नावाशिवाय एक छोट्या नावाचा रकाना असतो, त्यात मोजकीच अक्षरं मावतात. काही बँका बाहेर तोच पाठवतात. तुमचं वीस अक्षरांवर तुटलंय, मोकळ्या जागा धरून मोजा.

इचलकरंजीकर

मग सोप्पं आहे की ताई. करंट खातं काढून टाका तिथून आणि स्वतःचं सेव्हिंग भरा. नाव तुमचंच, झटक्यात पास. मी सुरुवातीला तेच केलं होतं, चादरींचे पैसे सेव्हिंगलाच यायचे.

करसल्लागार_कऱ्हाड

हा सल्ला घेऊ नका. सेव्हिंग खातं धंद्याच्या उलाढालीसाठी नसतं. आठवड्याला मार्केटप्लेसकडून जमा यायला लागली की बँक विचारते, कधी खातं करंट करा म्हणते, कधी नुसतंच थांबवून ठेवते. शिवाय ताईंनी जीएसटीला करंट खातं दिलेलं आहे. विक्री एका खात्यात आणि जीएसटीत दुसरंच खातं, उद्या कुणी नोटीस काढली तर उत्तरं देत बसा.

खातेवही

करसल्लागार साहेब, बँकेच्या बाबतीत तुमच्याशी सहमत. जीएसटीचं मात्र एवढं ताणू नका. प्रोप्रायटर आणि त्याची फर्म कायद्याने एकच व्यक्ती, पॅन एकच. सेव्हिंगला आलेले पैसे विक्रीत दाखवले तर कर चुकला असं होत नाही.

करसल्लागार_कऱ्हाड

कर चुकला असं मी म्हटलंच नाही. कटकट वाढते म्हणालो. कटकट निस्तरायला माझ्याकडेच येतात लोक, तुमच्याकडे नाही.

खातेवही

हे मान्य :) माझा सेव्हिंगला विरोध वेगळ्या कारणाने आहे. आज सेव्हिंग भरून पास झालात आणि दोन महिन्यांनी करंटवर आलात, तर पुन्हा हीच परीक्षा, पुन्हा तेच नाव, पुन्हा फेल. वर खातं बदललं की फसवणुकीच्या भीतीने बऱ्याच साइट काही दिवस पेमेंट रोखून धरतात. दुखणं आत्ताच काढलेलं बरं.

दोन वाटा आहेत, दोन्ही एकदम धरा.

पहिली मार्केटप्लेसकडे. व्हेरिफिकेशन यंत्राने नाही तर माणसाने करावं म्हणून कागदांसकट तक्रार टाकायची. जीएसटीचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, म्हणजे फॉर्म `REG-06`, त्यावर तुमचं कायदेशीर नाव आणि ट्रेड नेम दोन्ही एका पानावर आहेत. हा तुमचा हुकमाचा कागद. त्याच्या जोडीला बँकेचा कागद हवा ज्यावर खाते क्रमांक, फर्मचं नाव आणि "प्रोप्रायटर अमुक" हे एकत्र आहे. रद्द केलेला चेक चालतो, पण त्यावर नाव छापलेलं असेल तरच. पासबुकातल्या त्या ओळीत बारा आकडी नंबर आहे ना, तो आरआरएन. तोही लिहा. "तुमचा रुपया या नंबराने अमुक तारखेला माझ्या खात्यात जमा झाला, खाते क्रमांक बरोबर आहे, फक्त नाव ट्रेड नेमचं येतं" असं थेट लिहिलं की पलीकडच्या माणसाला तपशील तपासा म्हणून परत पाठवता येत नाही.

दुसरी वाट बँकेकडे. खात्याचं नाव बदलून घ्यायचं, आधी तुमचं नाव, मग `PROP`, मग फर्म. क्रम महत्त्वाचा आहे. फर्म आधी ठेवलीत तर तुमचं नाव पुन्हा विसाव्या अक्षरापलीकडे जाणार.

करसल्लागार_कऱ्हाड

यात माझी एक भर. जीएसटी पोर्टलवर लॉगिन करून बँक खात्याची स्थिती बघा. २०२३ च्या एप्रिलपासून तेही खाती तपासतात. तिथे `Success` असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. सरकारी पोर्टलने हेच खातं याच पॅनवर मान्य केलंय म्हटल्यावर खासगी कंपनी किती ताणणार? `Success With Remark` असेल तर मात्र शेरा काय आहे तो आधी वाचा.

सावली_वाई

जीएसटीवर `Success` आहे! हे मला सुचलंच नसतं. उद्या तक्रार टाकते. बँकेत खात्याच्या नावाचंही विचारते.

आणि एक. दुपारी एक फोन आला होता. "मॅडम, तुमचं बँक व्हेरिफिकेशन पेंडिंग आहे, क्यूआर पाठवतो, एक रुपया पाठवा म्हणजे पास होईल." माझं अडकलंय हे त्याला कसं कळलं कोण जाणे. मी म्हटलं विचारून सांगते.

खातेवही

ठेवून द्या तो फोन. गोंधळ होण्याचं कारण असं की यूपीआयने एक रुपया आपण पाठवायचा आणि त्यातून खात्याचं नाव त्यांना कळतं, अशी पद्धत खरोखर आहे. तो रुपया परतही येतो. पण ती सेलर पॅनलमध्ये लॉगिन करून तुम्ही स्वतः सुरू करता. फोनवर क्यूआर पाठवून कुणी करून घेत नाही. त्या क्यूआरमध्ये एक रुपयाच असेल याचाही भरवसा नाही. तुमचं अडकलंय हे त्याला ठाऊक असायची गरज नसते. नव्या सेलरना असे फोन सरसकट जातात, दहातल्या एखाद्याचं अडकलेलं असतंच.

बेदाणा_तासगाव

आता माझं बघा की राव.

खातेवही

बघू. पतसंस्थेने तुम्हाला आयएफएससी दिलाय तो कुठल्या बँकेचा आहे? पहिली चार अक्षरं सांगा, पुढचं नको.

बेदाणा_तासगाव

अक्षरं एका मोठ्या खासगी बँकेची आहेत. पतसंस्थेतल्या क्लार्कने सांगितलं, आमचं त्यांच्याशी टाय-अप आहे, हा कोड आणि हा लांबलचक नंबर द्या. माझ्या पासबुकावरचा नंबर वेगळाच आहे, छोटा.

खातेवही

तेच म्हणतोय. पतसंस्था ही बँक नाही. तिची नोंदणी सहकार कायद्याखाली, तिला स्वतःचा आयएफएससी नसतो. ती एखाद्या बँकेत स्वतःचं खातं उघडते आणि सभासदांना त्या खात्याला जोडलेले लांब नंबर वाटते. तुमचा रुपया आधी बँकेतल्या पतसंस्थेच्या खात्यात जातो. तिथून तुमच्या नावाने टाकणं पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर किंवा क्लार्कवर अवलंबून. बँक उत्तरात नाव पाठवणार ते तिच्या खातेदाराचं, म्हणजे बहुतेक पतसंस्थेचंच. तुमच्या पॅनशी ते जुळायचं कारणच नाही.

क्लार्कला सांगा, त्या तारखांना आमचा एक-एक रुपया तुमच्या बँक स्टेटमेंटमध्ये दिसतो का बघा.

बेदाणा_तासगाव

विचारलं. सगळे रुपये तिकडे आहेत. क्लार्क म्हणाला, कुणाचे ते कळेना म्हणून सस्पेन्सला टाकून ठेवलेत. माझे रुपये सस्पेन्सला!

इचलकरंजीकर

😂 व्याज मागा.

करसल्लागार_कऱ्हाड

हसू नका. एक रुपयाच्या जागी उद्या बेदाण्याचे चाळीस हजार सस्पेन्सला गेले असते. फेल झालं ते बरंच झालं. तासगावकर, सरळ बँकेत करंट खातं काढा.

बेदाणा_तासगाव

काढीन हो. पण माझं कॅश क्रेडिट पतसंस्थेचं आहे. त्यांची अट अशी की सगळी विक्री आमच्याच खात्यातून फिरली पाहिजे. बाहेर खातं काढलं तर लिमिट कमी करू म्हणतात. शेडवर माल आहे तो त्यांच्याच पैशाचा. मग सांगा काय करू?

सावली_वाई

माझ्याकडची बातमी. तक्रार टाकली होती ती नाकारली. कारण काय, तर चेकवर नाव नाही! बँकेने खातं उघडताना सुटे चेक दिले होते, त्यावर नुसता खाते क्रमांकाचा शिक्का आहे. खातेवही दादांनी सांगितलं होतं, पण माझ्याकडे दुसरा चेकच नव्हता म्हणून तोच जोडला.

मग बँकेतून पत्र घेतलं. लेटरहेड, शिक्का, सही, तारीख, खाते क्रमांक, आयएफएससी, फर्मचं नाव आणि "प्रोप्रायटर" म्हणून माझं नाव पॅनवर आहे तसंच. मॅनेजरांना मी मजकूर लिहूनच नेला होता. ते म्हणाले, असं पत्र पहिल्यांदाच देतोय. ते, `REG-06`, जीएसटीचा स्क्रीनशॉट आणि आरआरएन, सगळं एकाच तक्रारीत घातलं. आता स्थिती `Under review` दिसतेय. निदान "तपशील तपासा" असं तरी नाही आलं.

खात्याच्या नावाचा अर्जही दिला. त्यावर म्हणे हेड ऑफिसची परवानगी लागते.

खातेवही

छान. लाल पट्टी गेली ही चांगली खूण आहे. पास झालं तरी पैसे त्याच दिवशी येतील असं धरू नका. तुमच्या सेटलमेंटचा वार चुकला तर रक्कम पुढच्या फेरीत ढकलली जाते. पॅनलवर "पुढे ओढलेली शिल्लक" अशी ओळ दिसेल, ती दिसत असेल तर पैसे हरवलेले नाहीत. मजुरीचं त्या हिशोबाने बघा.

तासगावकर, तुमच्या प्रश्नात दोन वेगळ्या गाठी आहेत. मार्केटप्लेसचे पैसे तुमच्या स्वतःच्या बँक खात्यात आले आणि तिथून त्याच दिवशी पतसंस्थेकडे वळते केले, तर विक्री त्यांच्याकडूनच फिरली की. बँकेत तशी कायमची सूचना देता येते. पतसंस्थेला हे लेखी देऊन बघा.

करसल्लागार_कऱ्हाड

पतसंस्था मान्य करेल असं वाटत नाही. त्यांना पैसा आधी हातात हवा असतो, तुमच्या मर्जीवर वळता झालेला नको.

खातेवही

शक्य आहे. पण पतसंस्थेचं पत्र जोडून मार्केटप्लेसकडून माणसाकरवी पास करून घेणं हे त्याहून अवघड. तिथे नाव फक्त वेगळं नाही, खातंच दुसऱ्याचं आहे. त्यांच्या बाजूला बसलो असतो तर मीही नाकारलं असतं.

नवा_सेलर_परभणी

धागा वाचतोय. मी अजून माल टाकला नाही, पण खातं भरलं आणि लगेच पास झालं. रुपया मात्र आलेला नाही, पासबुक बघितलं. काही गडबड आहे का?

खातेवही

नाही. आता काही ठिकाणी रुपया न पाठवता नुसतं नाव विचारून घेतात. पास दाखवतंय ना, मग रुपयाची वाट बघू नका. फेल दाखवलं असतं तर मात्र पासबुकाचा हा उपाय तुम्हाला लागू पडला नसता. तेव्हा थेट नाव बघण्यापासून सुरुवात करावी लागली असती.

सावली_वाई

मंडळी, पास झालं. हिरवी खूण आली गुरुवारी. सोमवारच्या सेटलमेंटला पैसे आले नाहीत. नव्या खात्यावर काही दिवस थांबवतात असा मेल आला. दादांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. त्याच्या पुढच्या फेरीत आधीचे १४,२६० आणि नंतरच्या ऑर्डरींचे मिळून एकदमच जमा झाले. बायकांची मजुरी मधल्या काळात दिरांकडून उसनी घेऊन दिली होती, ती फेडली.

खात्याच्या नावाचा अर्ज अजून हेड ऑफिसलाच आहे. दिरांच्या मोबाइलवर बघितलं तर अजून तेच, "अँड एच". तो अर्ज आता सोडून देऊ का? पास तर झालंय.

खातेवही

सोडू नका. उद्या दुसऱ्या साइटवर दुकान उघडलंत किंवा पेमेंट गेटवे घेतलात की पुन्हा याच नावाला अडणार. अर्जाची पोच घेतलीय ना? तिच्यावरचा आवक नंबर घेऊन हेड ऑफिसला विचारा. शाखेत विचारून फक्त "पाठवलंय" एवढंच ऐकाल.

बेदाणा_तासगाव

पतसंस्थेच्या चेअरमनना भेटलो. तो बँकेत खातं काढून वळतं करायचा मार्ग सांगितला. म्हणाले, पुढच्या मीटिंगला ठेवतो. मीटिंग महिनाअखेर. तोवर पॅनलवरचे पैसे तसेच राहतील का? की काही मुदत असते?

इचलकरंजीकर

राहतात. माझ्या मेहुण्याचे तीन महिने राहिले होते.

करसल्लागार_कऱ्हाड

मेहुण्यावर जाऊ नका. तुमच्या साइटच्या सेलर कराराची पीडीएफ उघडा, त्यात `withheld` शब्द शोधा आणि तो परिच्छेद इथे टाका. मग सांगतो.